निरोप समारंभात टोपणनाव घ्यायचं असेल तर: कचेरीतल्या भाषणाची तयारी

राज्य सरकारच्या नोकरीत माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. गट अ, ब आणि क साठी वय ५८, गट ड साठी ६०. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीसच सुटका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळे ३१ मेला तालुक्याच्या गावात तहसील, पंचायत समिती, बांधकाम उपविभाग अशा सगळीकडे एकाच दुपारी शाली आणि नारळ फिरत असतात. आणि अशा दुपारच्या आठवडाभर आधी कचेरीतल्या एखाद्या बऱ्यापैकी बोलणाऱ्या माणसाला सांगितलं जातं, ‘तुम्ही दोन शब्द बोला. जरा हलकंफुलकं.’

हलकंफुलकं म्हणजे काय, हे कुणी फोडून सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. टोपणनाव काढा, जुने किस्से काढा, कचेरीच्या भाषेत चार शब्द बोला आणि हसवा. भाषण घसरतं ते नेमकं इथे. टेबलावर चहा पिताना जे नाव वर्षानुवर्षं सहज घेतलं, तेच माईकवरून सत्कारमूर्तींच्या पत्नीसमोर आणि मुलासमोर घेतलं की वेगळंच ऐकू येतं. पुढे जे लिहिलंय ते ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी. उदाहरण मी तहसील कचेरीतलं घेतलं आहे, कारण तिथली भाषा मला जवळची. बँक, आगार, शाळा, वीज कंपनी यांची भाषा वेगळी असेल, पण काम याच क्रमानं करावं लागतं.

आधी नावं गोळा करा, मग दोन ढीग करा

एका माणसाची नावं बहुधा एकापेक्षा जास्त असतात. तुम्हाला माहीत असलेलं नाव हे तुमच्या शाखेतलं असतं. चालक, शिपाई, आधीच्या कचेरीतले सहकारी, दोन-चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला टेबलाशेजारचा माणूस, यांना विचारा. शिपायाला नक्की विचारा, कारण कोण कुणाला काय म्हणतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नावं मिळाली की एकच प्रश्न विचारायचा: हे नाव त्यांच्या तोंडावर घेतलं जातं, की ते खोलीबाहेर गेल्यावर? तोंडावरचं नाव भाषणात येऊ शकतं. पाठीमागचं नाव कितीही मजेशीर असलं, कितीही जुनं असलं, तरी ते येत नाही. ‘त्यांना माहीत आहे हो’ असं लोक सांगतील. माहीत असणं वेगळं आणि त्या नावाला त्यांनी ओ देणं वेगळं. ज्या नावाला माणूस मान वर करून ‘काय रे’ म्हणतो, तेवढंच तुमच्या कामाचं.

या एका प्रश्नात निम्मी नावं गळतात. शिस्तीच्या बाईंना हमखास ठेवलं जाणारं ‘हिटलर’ गळतं. ‘आम्ही प्रेमानं हिटलर म्हणायचो’ हे वाक्य मी अनेक समारंभांत ऐकलं आहे, आणि त्या क्षणी सत्कारमूर्ती बाईंचा चेहरा पाहिला की प्रेम किती पोचलं ते समजतं. अंगकाठी, रंग, टक्कल, चष्मा, तोतरेपणा, लंगडं चालणं यावरची नावं गळतात. जातीवरून, गावावरून किंवा बोलीच्या हेलावरून पडलेली नावं तर चर्चेलाही घ्यायची नाहीत.

उरलेल्यांतही दोन प्रकार फसवे असतात. पहिला पैशाचा. ‘वजनदार’, ‘टक्का’, ‘मलई’, ‘चहापाणी’ हे शब्द ऐकताना कामाबद्दलचे वाटतात, पण कचेरीच्या बोलीत त्यांचा अर्थ एकच आहे आणि तो मंडपातल्या आचाऱ्यालासुद्धा कळतो. ‘नानांच्या टेबलावर फाईलला वजन लागायचं नाही’ असं कौतुक म्हणून बोललात, तरी मग कुणाच्या टेबलावर लागायचं, ही कुजबुज दुसऱ्या रांगेत लगेच सुरू होते. दुसरा फसवा प्रकार वेळेचा. ‘लेट लतीफ’ निरुपद्रवी वाटतं. पण तो माणूस रोज उशिरा का यायचा हे आधी काढा. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, असं निघालं तर ते नाव तुम्ही दोन मिनिटांत टाकून द्याल.

नाव कुणी ठेवलं, वरून की खालून

ही गोष्ट मी वेगळी काढतोय, कारण ती सहसा सुटते. अधिकाऱ्यानं शिपायाला ठेवलेलं नाव तोंडावरचं असलं तरी भाषणात घेऊ नका. त्यानं तीस वर्षं ओ दिली याचा अर्थ त्याला ते आवडत होतं असा नाही. नाही म्हणायची सोयच नव्हती. त्याला आज परवानगी मागितलीत तर तो ‘घ्या की साहेब, त्यात काय’ असंच म्हणणार. ती परवानगी धरायची नाही.

मग शिपाई निवृत्त होताना हसवायचं कसं? उलटं करा. त्यानं साहेबांना कोणती नावं ठेवली होती ते त्यालाच विचारा. शिपायांच्या खोलीत अधिकाऱ्यांची फार मार्मिक नावं असतात. ‘चर्चा करावी’ एवढंच लिहून फाईल परत पाठवणाऱ्या साहेबांना ‘चर्चासाहेब’, सारखे व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसणाऱ्यांना ‘पडदा’. त्यातले जे साहेब बदलून गेले आहेत किंवा समोर बसून स्वतःवर हसू शकतात, त्यांचं एखादं नाव घ्या, अर्थात त्यांनाही विचारून. हशा वरच्या दिशेनं गेला की कुणाला लागत नाही, आणि सत्कारमूर्ती त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हुशार ठरतात.

त्याच समारंभात आणखी एक पाळा. ज्याला आयुष्यभर नुसत्या नावानं, ‘अरे-तुरे’ करून हाक मारली, त्याला माईकवर नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’ लावून ‘तुम्ही’ म्हणा. मावशींनाही ‘तुम्ही’. बरोबरीचा जुना मित्र असला तरी माईकवर ‘तू’ टाळलेलं बरं. ‘तू’मध्ये टोपणनाव आलं की ते लोकांना खेचल्यासारखं वाटतं, ‘तुम्ही’मध्ये तेच नाव लाडाचं होतं.

नावाचा उगम शोधा

टोपणनाव नुसतं उच्चारलं की ज्यांना माहीत आहे ते हसतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत राहतात. त्या बाकीच्यांत घरची माणसं असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी समारंभ आहे तीच. म्हणून नावाबरोबर नाव कसं पडलं ती गोष्ट हवी, आणि ती गोष्ट कामाची हवी.

आपण एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आस्थापना संकलनातले अव्वल कारकून निवृत्त होत आहेत. त्यांना नाना म्हणू. कचेरीत त्यांना तोंडावर ‘त्रुटीनाना’ म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावरून कुठलाही कागद पहिल्या फेरीत पुढे गेलेला नाही. प्रत्येक प्रस्तावाला चिठ्ठी लागते: ‘खालील त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’

आता चौकशीला निघा. नाव कोणत्या वर्षी पडलं, कुठल्या कागदावरून, पहिल्यांदा कुणी घेतलं? तीन माणसं तीन गोष्टी सांगतील. त्यातली जी नानांना स्वतःला मान्य आहे ती घ्यायची, कारण खोट्या किश्श्यावर सत्कारमूर्ती उत्तराच्या भाषणात ‘असं काही झालं नव्हतं’ म्हणाले की तुमचं सगळंच पडतं. नानांच्या बाबतीत तर ते होणारच, कारण त्यांचा स्वभावच त्रुटी काढायचा.

किस्से शोधताना एक कसोटी लावा: या गोष्टीत चूक कुणाची झाली? चूक तुमची झाली असेल आणि नानांनी ती पकडली असेल, तर किस्सा सोन्यासारखा आहे. चूक नानांची झाली असेल तर तो त्यांनी स्वतः सांगितला तरच. चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तो माणूस सभागृहात असेल, तर त्याला विचारा. सभागृहात नसेल तरी विचारा. हल्ली कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपत असतं आणि संध्याकाळपर्यंत ते गटावर फिरत असतं.

परवानगी मागताना वाक्यच वाचून दाखवा

‘नाना, थोडी गंमत केली तर चालेल ना?’ या प्रश्नाला कुणीही नाही म्हणत नाही, त्यामुळे तो विचारून काही हाती लागत नाही. लिहिलेलं वाक्यच वाचून दाखवा. ‘वहिनी, कचेरीत यांना त्रुटीनाना म्हणतात, असं मी बोलणार आहे.’ मग गप्प बसून चेहरा बघा. हसले आणि स्वतःहून दुसरा किस्सा सांगायला लागले, तर रस्ता मोकळा. ‘बोला, बोला’ म्हणून लगेच विषय बदलला, तर तो नकार समजायचा. दुसऱ्यांदा विचारू नका. दुसऱ्यांदा विचारलं की भिडेपोटी होकार येतो.

हे एकट्यात विचारायचं, आणि शेवटच्या दिवशी नाही. शेवटच्या दिवशी त्यांचा कार्यभार सोपवायचा असतो, ना-देय प्रमाणपत्रांवर सह्या घ्यायच्या असतात, डोकं जागेवर नसतं. चार-पाच दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावं.

त्याच वेळी दोन गोष्टी काढून घ्या. हे नाव घरी माहीत आहे का? आणि घरचं कोण कोण येणार आहे? नवी सून किंवा जावई पहिल्यांदाच कचेरीच्या माणसांसमोर येणार असतील, व्याही येणार असतील, तर किस्से दोनवरून एकावर आणा. आपल्याकडे व्याह्यांसमोर माणूस स्वतःवर मोकळेपणानं हसत नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

कचेरीची बोली: सांगायची कशी

‘फाईल मुरतेय’, ‘फाईलला पाय फुटले’, ‘टेबल बदललं’, ‘साहेब व्हीसीत आहेत’, ‘सर्व्हर डाऊन’, ‘मार्च एंड’. हे शब्द आले की कचेरीतला माणूस खुलतो. घरच्यांसाठी त्यांचा अर्थ सांगावा लागतो, पण थांबून अर्थ सांगत बसलात तर शिकवणी वाटते. अर्थ वाक्यातच घाला. ‘आमच्याकडे बारनिशी म्हणून टेबल असतं, आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची तिथे नोंद होते. नाना मात्र कागद आलाय की गेलाय हे पायऱ्यांवरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचे.’ एवढं पुरे. सात मिनिटांच्या भाषणात असे तीन शब्द भरपूर झाले. त्याहून जास्त झाले की मागे बसलेले नातेवाईक मोबाईल काढतात.

सध्या सगळ्यात जपून वापरायचा शब्द आहे पेन्शन. ‘नाना आता घरबसल्या पगार घेणार’ हा विनोद पूर्वी चालायचा. पण राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती, आणि त्यावरून संप झाले, मोर्चे निघाले. आज तुमच्या समोर बसलेल्या निम्म्या खुर्च्यांवर त्यानंतर लागलेली माणसं असतात. त्यांना तो विनोद नानांवरचा न वाटता स्वतःवरचा वाटतो. सभागृह थंड पडतं, आणि काय चुकलं ते नवख्या वक्त्याला उमगतच नाही. पैशाची रक्कम, उपदान, अंशराशीकरण यावरही बोलू नका. नात्यातली दोन माणसं ते आकडे लक्षात ठेवायला बसलेलीच असतात.

आता लिहा

माईकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, आणि हशा-टाळ्यांना वेळ सोडावा लागतो. त्यामुळे पाच मिनिटांसाठी चारशे शब्द पुष्कळ. सबंध लिहून काढा. मुद्दे लिहून बोलणारे अनुभवी लोक असतात, पण टोपणनावाच्या भाषणात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सूर बदलतो.

रचना अशी ठेवा: नाव आधी सांगून टाका, मग ज्यात तुम्ही उघडे पडता असा किस्सा, मग थोडा घरगुती, मग त्याच नावाची गंभीर बाजू, आणि लगेच शेवट. नाव उशिरा आणण्याचा मोह होतो, पण तोवर आधीच्या वक्त्यानं ते घेऊन टाकलेलं असतं. नानांसाठीचं भाषण असं होईल:

> व्यासपीठावरचे मान्यवर, नाना, वहिनी आणि आपण सगळे.
>
> वहिनी, घरी तुम्ही ज्यांना ओळखता त्यांचं कचेरीतलं नाव वेगळं आहे. ते मी नानांच्या परवानगीनं सांगतोय. परवानगीसाठी मी हे भाषण त्यांना दाखवलं, त्यांनी त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मग हो म्हणाले. आम्ही त्यांना त्रुटीनाना म्हणतो.
>
> आमच्याकडे प्रत्येक कागद साहेबांकडे जाण्याआधी नानांच्या टेबलावर जातो. आणि तिथून परत येतो. सोबत चिठ्ठी असते, ‘खालील त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ मी नवीन लागलो तेव्हा माझी पहिली टिपणी परत आली, सात त्रुटी. मी सातही दुरुस्त केल्या. टिपणी पुन्हा परत आली, एक त्रुटी. मी जरा रागानंच गेलो. म्हटलं, नाना, ही एक पहिल्या वेळीच का नाही सांगितलीत? नाना म्हणाले, ‘ही पहिल्या वेळी नव्हती. ही तुम्ही दुरुस्त करताना केलीत.’
>
> पुढे माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला गेलो. नानांनी अभिनंदन केलं, चष्मा लावला आणि खिशातली पेन्सिल काढली. तिथी आणि वार जुळत नव्हते. पत्रिका छापून झाल्या होत्या. त्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर नाना माझ्याबरोबर बसले आणि आम्ही सगळ्या पत्रिका हातानं दुरुस्त केल्या. मी हिरवं पेन उचललं तर म्हणाले, ‘ते ठेवा. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची.’
>
> आपल्या कचेरीतले एक शिपाईदादा निवृत्त झाले, आज ते इथे बसलेत. त्यांच्या सेवापुस्तकात तीन वर्षांच्या सेवा पडताळणीची नोंदच नव्हती. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती, कुणाचं लक्ष नव्हतं. नानांचं गेलं. ज्या कचेरीत ती तीन वर्षं झाली होती तिथे नाना स्वतः गेले, जुनी पगारपत्रकं काढून बघितली आणि नोंद करून आणली. दादांचा प्रस्ताव महालेखापालांकडे गेला तेव्हा त्यात एकही आक्षेप निघाला नाही.
>
> नाना, उद्यापासून आमचे कागद तुमच्या टेबलावरून परत येणार नाहीत. ते सरळ वर जातील. आणि वरून परत येतील.
>
> तुम्हाला आणि वहिनींना आमचा सगळ्यांचा नमस्कार.

हे साधारण अडीचशे शब्द आहेत. सावकाश बोललात तर हशासकट तीन मिनिटं सहज जातात. आता यात काय केलंय ते बघू.

पहिल्याच परिच्छेदात परवानगी घेतल्याचं जाहीर झालं आहे. त्यामुळे पुढे किती हसायचं याची मोकळीक सगळ्यांना मिळते, विशेषतः घरच्यांना. आणि परवानगीचं वाक्यच विनोद झालं आहे, सूचना राहिलेली नाही. दोन्ही किश्श्यांत फजिती बोलणाऱ्याची आहे. नाना फक्त बरोबर आहेत, अगदी वैताग येईल इतके बरोबर. लोक ज्या गुणाला कंटाळले होते त्याच गुणावर हसतात, आणि तो गुणच आहे हे त्यांना हसताना कळतं.

हिरव्या शाईचं वाक्य कचेरीतल्यांसाठी आहे. घरच्यांना ते कळलं नाही तरी ‘राजपत्रित अधिकाऱ्यांची’ या शब्दांवरून अंदाज येतो, म्हणून त्याचा अर्थ सांगितलेला नाही. जिथे अर्थ कळणं भाग आहे, म्हणजे चिठ्ठीचा मजकूर, तिथे तो वाक्यातच आला आहे.

शिपाईदादांच्या परिच्छेदात एकही विनोद नाही, आणि तो घालूही नका. तिथे लोक अचानक शांत होतात. त्या शांततेला घाबरून वक्ता घाईघाईनं काहीतरी हलकं बोलून जातो, आणि मघापासून उभं केलेलं सगळं वाया घालवतो. दादांनाही आधी विचारलेलं असावं. सेवापुस्तकातली उणीव ही त्यांची खासगी बाब आहे.

सेवा पडताळणीबद्दल मी इतकं नेमकं लिहिलं आहे ते मुद्दाम. ‘नानांनी अनेकांना मदत केली’ हे वाक्य प्रत्येक निरोप समारंभात असतं आणि कुणालाच आठवत नाही. कुठल्या नोंदीसाठी, कुठे जाऊन, काय उलटून, हे सांगितलं की वेगळं कौतुक करावं लागत नाही. तुमच्या सत्कारमूर्तींच्या बाबतीत ती नोंद वेगळी असेल: एखादी चुकलेली वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडे जाण्याआधी पकडलेली, पुरात भिजलेल्या अभिलेख कक्षातले गठ्ठे गच्चीवर वाळत घातलेले. ती शोधायला नावं गोळा करण्याइतकाच वेळ द्या.

आणि एक विनोद मी यात घातलेला नाही. समजा, नानांच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावातच त्रुटी निघाली आहे, आणि कचेरीत सगळ्यांना ते ठाऊक आहे. शेवटाला याहून चांगलं वाक्य मिळणार नाही असं वाटेल. प्रस्ताव मंजूर होऊन आला असेल आणि नाना स्वतः हसत सांगत असतील, तर घ्या. प्रस्ताव अजून अडकलेला असेल तर नाही. ज्या गोष्टीचा त्रास अजून संपलेला नाही तिच्यावर त्या माणसाला सगळ्यांसमोर हसायला लावू नये. वहिनींबद्दल ‘घरी भाजीच्या यादीतही त्रुटी काढतात का हो?’ असा नेहमीचा विनोदही गाळला आहे. वहिनी उत्तर देऊ शकत नाहीत, आणि सगळ्यांच्या माना मात्र त्यांच्याकडे वळतात.

समारंभाच्या दिवशी

सूत्रसंचालकाला सकाळीच गाठा आणि आपला क्रम विचारून ठेवा. प्रास्ताविक, सत्कार, दोन-तीन मनोगतं, मग प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्तींचं उत्तर, आभार, असा साधारण क्रम असतो. तुमचं भाषण दुसरं किंवा तिसरं मनोगत म्हणून लावून घ्या. पहिल्या वक्त्याला सभागृह बसवावं लागतं, आणि पाहुण्यांनंतर लोकांचं लक्ष जेवणाकडे असतं. तुमचे किस्से सूत्रसंचालकाला सांगू नका, नुसती टोपणनावाची गोष्ट आपण सांगणार आहोत एवढंच सांगा. किस्से सांगितलेत तर दोन भाषणांच्या मध्ये तोच ते वापरून टाकतो. वाईट हेतू नसतो, त्यालाही वेळ भरायचा असतो.

हशा आला की थांबा. नवखा माणूस हशातच पुढचं वाक्य बोलतो आणि ते कुणालाच ऐकू जात नाही. हशा ओसरत आला की पुढे. हशा आलाच नाही तर ‘विनोद होता हो’ असं म्हणू नका, पुढच्या वाक्याला जा. वरच्या भाषणात प्रत्येक किस्सा हसू न येताही नुसती माहिती म्हणून उभा राहतो. लिहिताना हे तपासून बघा: हशा काढून टाकला तर वाक्य नुसता टोमणा उरतं का? उरत असेल तर ते वाक्य बदला.

कागद हातात ठेवा. पण टोपणनावाचं वाक्य आणि शेवटची दोन वाक्यं सत्कारमूर्तींकडे बघून बोलायची, तेवढी पाठ करा. कागदात बघून घेतलेलं टोपणनाव चौकशी अहवाल वाचल्यासारखं वाटतं.

आयत्या वेळी परिस्थिती बदललेली असू शकते. घरात कुणी आजारी पडलं, सकाळीच साहेबांशी कार्यभारावरून खटका उडाला, पाहुणे म्हणून ज्यांच्याशी जुना वाद आहे तेच आले. सत्कारमूर्तींचा चेहरा उतरलेला दिसला तर भाषणातला घरगुती किस्सा काढून टाका आणि नावाची गोष्ट व गंभीर परिच्छेद एवढंच बोला. म्हणून लिहितानाच प्रत्येक किस्सा वेगळ्या परिच्छेदात असा ठेवा की तो उचलला तरी मागचं-पुढचं जुळेल.

शेवटची अडचण दुसऱ्या वक्त्यांची. तुमच्या आधी बोलणारा कुणीतरी उत्साहाच्या भरात पाठीमागचं नाव घेऊन टाकतो. सभागृह अवघडतं, दोघे-चौघे मोठ्यानं हसतात आणि सत्कारमूर्ती फुलांच्या गुच्छाकडे बघायला लागतात. अशा वेळी त्या नावाचा उल्लेख करू नका, सारवासारवही करू नका. ‘ते त्यांनी गमतीनं म्हटलं’ असं तुम्ही म्हणालात की ते नाव दुसऱ्यांदा उच्चारल्यासारखंच होतं. माईक हातात घ्या, वहिनींना नमस्कार करा आणि तुमची पहिली वाक्यं ठरल्याप्रमाणे बोला. फक्त त्यांतलं ‘नानांच्या परवानगीनं’ थोडं सावकाश म्हणा. आधीच्या वक्त्याला जे समजायचं ते तेवढ्यात समजतं.